मुराबहा: नफा की नाव बदललेलं व्याज?

साधा_प्रश्न: इस्लामी बँक म्हणते, आम्ही व्याज घेत नाही, गाडी विकत घेतो आणि तुम्हाला जास्त किमतीला हप्त्यांवर विकतो, हाच मुराबहा. पण हप्ता तर व्याजाच्या कर्जाइतकाच बसतो. मग फरक कसला?

रोकडवही: काहीही फरक नाही. थांबण्याचे पैसे घेतले की ते व्याजच. या बँका आपला नफाही बाजारातला व्याजदर बघूनच ठरवतात.

अमानत: दर कुठे बघून ठरवला, एवढ्यावरून सौदा हराम होत नाही. उधारीची किंमत रोखीपेक्षा जास्त ठेवणं बहुतेक फकीहांना, म्हणजे इस्लामी कायद्याच्या जाणकारांना, मान्य आहे. खरी मेख मालकीत आहे. समजा, गाडी 100 ची. तुम्ही घ्यायचं वचन देता, बँक ती विक्रेत्याकडून घेते, ताबा घेते आणि मगच 120 ला विकते, 24 हप्ते 5-5 चे. मधल्या काळात गाडी जळाली तर नुकसान बँकेचं. विक्री झाली की 120 चे 121 होत नाहीत, हप्ता थकला तरी. उशिराचा दंड लावला, तर तो बँकेच्या नफ्यात न जाता दानात जायला हवा. कागदांवरच्या तारखा नीट बघा. बँकेची खरेदी आधीची नसेल, किंवा पैसे थेट तुमच्याच हातात दिले असतील, तर गाडी फक्त कागदापुरती आहे असं समजा.

हप्तेवाली: माझं दुखणं वेगळंच आहे. वर्षभर हप्ते भरले, हातात पैसे आले म्हणून खातं बंद करायला गेले. बाकीची सगळी रक्कम भरा म्हणाले, सूट देणं आमच्या मर्जीवर. साध्या कर्जात पुढचं व्याज तरी वाचलं असतं!

अमानत: ताई, तुमची तक्रार रास्त आहे. किंमत एकदा ठरली की तीच तुमचं देणं, म्हणून सूट हा हक्क धरत नाहीत. आधीच कबूल केलेली सूट अनेकांना व्याजासारखी वाटते. मलेशियाच्या मध्यवर्ती बँकेने मात्र ती करारातच लिहायला लावली. मला तेच पटतं, नाहीतर नियम पाळणाऱ्यालाच भुर्दंड.

रोकडवही: गाडीचं मान्य केलं. पण तवर्रुकचं काय? बँक धातू उधारीवर विकते, तुमच्या वतीने तोच लगेच तिसऱ्याला रोखीने विकते आणि पैसे तुमच्या खात्यात. धातू कोणाला हवाच नसतो.

अमानत: इथे मी तुमच्या बाजूने. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 2009 मध्ये शारजात असा ठरवून केलेला तवर्रुक नाजायज ठरवला. तरी मलेशियात तो सर्रास चालतो, तिथल्या शरिया मंडळाची त्याला मंजुरी आहे.

साधा_प्रश्न: म्हणजे गाडीला मुराबहा चालेल, पण रोख रक्कम हवी असेल तर?

अमानत: कर्ज-ए-हसना, बिनव्याजी. पण त्यात बँकेला नफा नाही, म्हणून मोठ्या रकमा क्वचितच मिळतात.

रोकडवही: म्हणूनच लोक तवर्रुककडे वळतात. तुमच्या नियमात गरजवंताला दुसरी वाट कुठे आहे?