मंजुरीपत्रापेक्षा प्रोसेसिंग फी जास्त कापली, पत्रात काय लिहू?

विश्रामबागकर: सांगलीतल्या एका बँकेतून २४ लाखांचं गृहकर्ज घेतलंय. मंजुरीपत्रात प्रोसेसिंग फी ०.३५ टक्के अधिक जीएसटी असं आहे. खात्यातून मात्र १४,१६० रुपये गेले. शाखेत तोंडी सांगितलं, 'नियमानुसारच आहे.' पत्राचा मसुदा सुचवा.

मिरज_जंक्शन: जीएसटी धरला नसेल तुम्ही. १८ टक्के लागतोच, म्हणून आकडा फुगतो.

कृष्णाकाठ: जीएसटी लागतो हे खरं, पण हिशेब करून बघा. ०.३५ टक्के म्हणजे ८,४००, त्यावर जीएसटी १,५१२, एकूण ९,९१२. आता १४,१६० ला १.१८ ने भागा, बरोबर १२,००० येतात, म्हणजे ०.५ टक्के. सवलतीचा दर सिस्टीममध्ये चढवलाच नाही, असं दिसतंय. जास्तीचे ४,२४८.

आधी खातेउताऱ्यातली नोंद वाचा. वकिलाची किंवा मूल्यांकनाची फी त्यातच धरली असेल तर पत्राचा रोख बदलेल. नसेल तर शाखाधिकाऱ्यांना एवढंच लिहा:

'मंजुरीपत्र क्र. … दि. … नुसार प्रोसेसिंग फी जीएसटीसह ९,९१२ रुपये होते. दि. … रोजी खात्यातून १४,१६० रुपये वजा झाले आहेत. जादा घेतलेले ४,२४८ रुपये (फी ३,६०० व जीएसटी ६४८) खात्यात परत जमा करावेत. आकारणी योग्य वाटत असल्यास ज्या कलमानुसार केली ते लेखी कळवावे.'

शेवटचं वाक्य गाळू नका, त्यानेच तोंडी उत्तरं थांबतात. सोबत मंजुरीपत्र, उतारा आणि केएफएसची, म्हणजे कर्जाच्या अटी आणि शुल्कं मांडलेल्या बँकेच्या पत्रकाची, प्रत जोडा. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. नुसती सही पोच म्हणून पुरत नाही.

पलूसचा_बागायतदार: आमच्या पतसंस्थेनं कर्जातून शेअर्सचे पैसे कापले. हेच पत्र चालेल का?

कृष्णाकाठ: नाही, तो वेगळा विषय. शेअर्स ही फी नाही, आणि पतसंस्थेची तक्रार सहायक निबंधकांकडे जाते, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे नाही.

मिरज_जंक्शन: मग धागाकर्त्यांनी थेट लोकपालाकडेच जावं की!

कृष्णाकाठ: थेट गेलात तर तक्रार परत येईल. आधी बँकेला लेखी द्यायचं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, की cms.rbi.org.in वर. आवक शिक्क्याची तारीख तिथेच कामाला येते.

विश्रामबागकर: नोंद 'प्रोसेसिंग फी' एवढीच आहे. केएफएसमध्येही ९,९१२ च आहेत. पण करारात 'बँकेच्या प्रचलित दरपत्रकानुसार शुल्क' असंही एक वाक्य आहे.

कृष्णाकाठ: १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना केएफएस सक्तीचा आहे. त्यात नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. बँक त्या वाक्यालाच संमती म्हणेल. मला ते टिकेल असं वाटत नाही, पण वाद तिथेच होणार. पत्रात केएफएसचा आकडाही घाला. फी कर्जरकमेतच मिळवली असेल, तर त्या दिवसापासूनचं व्याजही मागा.

विश्रामबागकर: कर्जातच मिळवली आहे. सोमवारी पत्र देतो.