मदत हवी आहे: खोट्या स्पॅम तक्रारींमुळे नंबर बंद केलाय, कंपनीला पत्र कसं लिहू?

इंदिरानगरकर (२६ सप्टेंबर)
कालपासून माझा नंबर बंद आहे. चौदा वर्षं हाच नंबर आहे, बँक, गॅस, मुलांची शाळा सगळं त्यावर. कस्टमर केअरवाले एकच सांगतात, "सर, तुमच्यावर स्पॅमच्या तक्रारी आहेत." मी आयुष्यात कोणाला काही विकलं नाही. कंपनीच्या गॅलरीत दीड तास बसवलं आणि ईमेल करा म्हणाले. रविवारी मीटिंग आहे. कोणाकडे तयार पत्र असेल तर टाका, लवकर.

पंचवटीकर
बंद म्हणजे नक्की काय? इनकमिंग येतंय का? ओटीपी येतोय का? कंपनीचा मेसेज काय आलाय? हे कळल्याशिवाय पत्र कसं देणार? आणि मीटिंग कसली?

सिडको_नितीन
दादा, ट्रूकॉलरवर तुमचं नाव लाल झालं असणार. त्यांच्या साइटवर जाऊन काढून घ्या, दोन दिवसांत चालू होतो. माझ्या मेव्हण्याचं तसंच झालं होतं.

इंदिरानगरकर
इनकमिंग येतंय, ओटीपी येतोय. फोन लावायला गेलं की टेप लागते. मेसेजमध्ये म्हटलंय की नको असलेल्या व्यावसायिक कॉलच्या तक्रारींमुळे १५ दिवस आउटगोइंग बंद. आणि आईचा नंबरसुद्धा बंद झालाय! ती सिन्नरला एकटी असते, सिम माझ्या नावावर आहे. शेजारच्या काकूंच्या फोनवरून मला फोन करते.
मीटिंग सोसायटीची. मी सेक्रेटरी आहे. ६४ फ्लॅट, वार्षिक सभेसाठी २० ते २३ तारखेला सगळ्यांना फोन केले. पार्किंगवरून पाचसहा जण चिडलेले आहेत. हे त्यांचंच काम आहे.

जुना_एक्स्चेंजवाला
आता चित्र स्पष्ट झालं. नितीन, ट्रूकॉलरच्या लाल रंगाने कंपनी आउटगोइंग बंद करत नाही. ही १९०९ या स्पॅम तक्रारींच्या नंबरवरची तक्रार आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने नियम बदलले. आधी सात दिवसांत दहा तक्रारी लागायच्या, आता दहा दिवसांत पाच वेगवेगळ्या लोकांच्या तक्रारी पुरतात. पहिल्या वेळी १५ दिवस आउटगोइंग बंद, आणि ते त्या ग्राहकाच्या नावावरच्या सगळ्या नंबरांना लागतं. म्हणून आईचाही गेला. ६४ फ्लॅटच्या सोसायटीत पाच जण ठरवून बसले तर काय होतं ते तुम्ही बघताय.
आता खरं सांगा. त्या नंबरवरून दुसरं काही गेलंय का? क्लासेस, एलआयसी, घरगुती ऑर्डर?

इंदिरानगरकर
माझं काही नाही. बायको उपवासाची भाजणी करते. घटस्थापनेला तिने माझ्या फोनवरून ओळखीच्या बाराएक जणींना एसएमएस टाकला होता. त्याचा इथे काय संबंध?

जुना_एक्स्चेंजवाला
संबंध आहे. सभेचा निरोप हा व्यावसायिक कॉल नाही, तिथे तुमची बाजू पक्की. भाजणीचा एसएमएस मात्र साध्या दहा आकडी नंबरवरून गेलेली जाहिरात धरतील. तो पत्रात लपवू नका. त्यांच्या रेकॉर्डला तो आहेच, आणि लपवलेला सापडला की सभेच्या कॉलवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

निफाडचा_बागायतदार
माझंही व्हॉट्सअॅप असंच बंद केलं होतं. द्राक्षाचे भाव ग्रुपवर टाकायचो. सपोर्टला मेल केल्यावर चार दिवसांनी चालू झालं. तुम्हीही तिथेच मेल करा.

पंचवटीकर
भाऊ, यांचं व्हॉट्सअॅप चालू आहे, फोन बंद आहे. वेगळी गोष्ट.

अॅडव्होकेट_कॉलेजरोड
पत्रबित्र लिहीत बसू नका. सरळ जिल्हा ग्राहक आयोगात जा. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की टेलिकॉम कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं. त्या पाच जणांवर मानहानीची नोटीसही काढा.

जुना_एक्स्चेंजवाला
वकीलसाहेब, जाता येतं हे बरोबर. पण कंपनीकडे लेखी तक्रारच नसेल तर आयोगासमोर काय ठेवणार? आणि नोटीस काढायला ते पाच कोण हे माहीत आहे का? कंपनी तक्रारदारांची नावं देणार नाही. अंदाजाने नोटीस पाठवलीत तर सोसायटीत कायमचं वैर होईल.

अॅडव्होकेट_कॉलेजरोड
कंपनी १५ दिवस पत्रावर बसून राहील, मग आपोआप चालू होईल आणि प्रकरण मिटलं म्हणतील. नोटिशीशिवाय कोणी हलत नाही, हा माझा अनुभव आहे.

जुना_एक्स्चेंजवाला
आपोआप चालू होईल, तोच धोका आहे. पुढच्या वेळी हेच झालं तर १५ दिवस नाही, सगळ्या कंपन्यांमध्ये एक वर्ष नंबर बंद आणि काळ्या यादीत नाव. म्हणून आउटगोइंग चालू करून घेण्यापेक्षा ही पहिली नोंद रद्द करून घेणं मोठं काम आहे. पत्रात दोन्ही मागा. इंदिरानगरकर, आधी तक्रार नोंदवून तिचा डॉकेट नंबर घ्या आणि मग हे पाठवा:

> विषय: चुकीच्या स्पॅम तक्रारींवरून बंद केलेली सेवा पूर्ववत करणे व उल्लंघनाची नोंद रद्द करणे. डॉकेट क्र. ____
>
> महोदय, २५ सप्टेंबरपासून माझ्या ____ व ____ या दोन्ही क्रमांकांची आउटगोइंग सेवा बंद आहे. २० ते २३ सप्टेंबर या काळात मी गृहनिर्माण संस्थेचा सचिव म्हणून सभासदांना २८ तारखेच्या वार्षिक सभेची आठवण देण्यासाठी फोन केले. त्यात कोणत्याही वस्तूची वा सेवेची विक्री नव्हती. सभेची नोटीस, सभासद यादी व सचिवपदाचा ठराव जोडला आहे.
>
> २२ सप्टेंबरला या क्रमांकावरून घरगुती खाद्यपदार्थाबद्दल एक एसएमएस बारा परिचितांना गेला होता, हे मी स्वतःहून नमूद करतो. तो पुन्हा जाणार नाही.
>
> कृपया प्रत्येक तक्रारीची तारीख, वेळ आणि ती कॉलची की एसएमएसची, हे लेखी कळवावे. तक्रारदारांची नावे नकोत. प्रत्येक तक्रार माझ्या कॉल रेकॉर्डशी ताडून पाहावी आणि सभेच्या कॉलवरील तक्रारी वगळाव्यात. दुसरा क्रमांक माझी वृद्ध आई वापरते, तो तातडीने सुरू करावा. पहिल्या उल्लंघनाची नोंद रद्द करावी. मागणी नाकारल्यास कारणे लेखी द्यावीत.

शेवटची ओळ काढू नका. कंपनीच्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे जाताना ती कारणं हातात लागतील. अपिलाला फी नाही. निकालाला ३९ दिवसांपर्यंत लागू शकतात, म्हणजे तोवर बंदी संपलेली असेल. पण नोंद शिल्लक असेल, तर अपील करायचंच.

सातपूरची_मेघना
काका, तारीख आणि वेळ मागून काय उपयोग? कंपनीने पाहूनच बंद केलं असेल ना?

जुना_एक्स्चेंजवाला
तो कॉल खरंच झाला होता का, हे आधी पाहायचं असतं. दर वेळी नीट पाहिलं जातंच असं नाही, मेघनाताई.

इंदिरानगरकर (३ ऑक्टोबर)
सभा झाली. फोन बायकोच्या नंबरवरून केले. त्या पाचसहापैकी तिघे आले होते, कोणाशी काही बोललो नाही.
कंपनीचं उत्तर आलं. पाच तक्रारी, चार कॉलच्या आणि एक एसएमएसची. आईचा नंबर काल संध्याकाळी चालू केला. तिचा पहिला फोन मलाच आला. माझा अजून बंद.
एक गोष्ट सापडली. एक कॉल २१ तारखेला रात्री ९:४० चा दाखवलाय. माझं पोस्टपेड आहे, बिलाचा तपशील काढला. त्या रात्री ७:५५ नंतर माझ्याकडून एकही कॉल नाही. दोनदा पाहिलं, बायकोनेही पाहिलं.

जुना_एक्स्चेंजवाला
मग उरल्या चार, आणि लागतात पाच. बिलाचं ते पान जोडा, ती ओळ पेनाने अधोरेखित करा आणि त्याच डॉकेटवर आजच पाठवा. एसएमएसचा वाद बाजूला ठेवा, या एका तक्रारीवरच बोट ठेवा.

अॅडव्होकेट_कॉलेजरोड
त्या पानाची एक प्रत माझ्यासाठीही ठेवा. मी अजूनही आयोगात जा म्हणेन.

इंदिरानगरकर
पाठवलं. सोमवारी छापील प्रत घेऊन गॅलरीत जातो, पोच घेतल्याशिवाय उठणार नाही. काय होतं ते इथे टाकतो.