मदत हवी आहे: कॉग्निटिव्ह रेमेडिएशनमध्ये गुण वाढले, पण दुकानातले विसरणे तसेच आहे

पंचवटीकर_ताई
माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. तो गोळ्या नियमित घेतो आणि भास व संशय आता जवळजवळ नाहीत, पण लक्ष टिकत नाही आणि नुकतेच ऐकलेले निसटून जाते. नाशिकमधील एका केंद्रात त्याचे कॉग्निटिव्ह रेमेडिएशन, म्हणजे लक्ष आणि स्मरणशक्ती सुधारण्यासाठीचे प्रशिक्षण, सुरू आहे. संगणकावरील सरावात त्याचे गुण चांगले वाढले आहेत. मात्र पंचवटीतल्या आमच्या किराणा दुकानात फोनवरून पाच वस्तूंची यादी आली, की तो "साखर २ किलो, तूरडाळ १ किलो" एवढे लिहितो, तेवढ्यात समोरच्या गिऱ्हाइकाने भाव विचारला की पेन थांबते आणि उरलेल्या तीन वस्तू जातात. केंद्रात तो तासभर संगणकापुढे बसतो आणि घरी येतो, त्याव्यतिरिक्त काही होत नाही. सत्राची रचना नेमकी कशी असावी आणि तिथे शिकलेले दुकानात कसे उतरावे, हे कृपया सांगावे.

द्राक्षबाग
सराव वाढवा, एवढेच सांगेन. स्मरणशक्तीचे खेळ मोबाईलवरही मिळतात. रोज दोन तास केले की मेंदूला सवय लागते आणि बाकीचे आपोआप येते.

मीनल_ओटी
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. सराव वारंवार व्हावा लागतो, हे वरील सदस्यांचे म्हणणे बरोबर आहे. "आपोआप येते" हे मात्र बरोबर नाही. २०११ साली ४० अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सरावासोबत युक्त्या शिकवल्या आणि इतर पुनर्वसनही चालू ठेवले, तेव्हा रोजच्या जगण्यातला फायदा अधिक दिसला. एकूण फायदा मध्यम स्वरूपाचा असतो आणि तो सर्वांना सारखा होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

मी आठवड्यातून दोन सत्रे, प्रत्येकी सुमारे तासभर, अशी काही महिने घेते. सुरुवातीची दहा मिनिटे मागच्या वेळी ठरवलेले काम घरी कसे झाले यावर जातात. मग साधारण पंचवीस मिनिटे संगणकावरील सराव असतो. दहापैकी आठ उत्तरे बरोबर येतील इतपतच काठिण्य ठेवते, कारण सतत चुकत राहिल्यास माणूस आशा सोडतो आणि चुकीचीच पद्धत पक्की होते. मधेच थांबवून "हे लक्षात ठेवायला तुम्ही काय केलेत?" असे विचारते. कोणी मनात पुटपुटतो, कोणी वस्तूंचे गट करतो. ती युक्ती त्याच्याच शब्दांत कागदावर उतरवून घेते. उरलेला वेळ तीच युक्ती खऱ्या कामावर वापरण्यासाठी राखून ठेवते, आणि तुमच्या भावाच्या सत्रात नेमका हाच भाग नाही.

त्याच्यासाठी मी असे करेन: फोन उचलताच "एक एक सांगा, मी लिहून घेतो" हे ठरलेले वाक्य, प्रत्येक वस्तू मोठ्याने उच्चारून लिहिणे, मधे कोणी बोलले तर हात वर करून "एक मिनिट" म्हणणे, आणि शेवटी सगळी यादी वाचून दाखवणे. आधी केंद्रात खोटा फोन करून तीन वस्तू, मग पाच, मग मुद्दाम व्यत्यय आणून पाच. त्यानंतर दुकानात दुपारच्या शांत वेळी, आणि संध्याकाळची गर्दी सर्वांत शेवटी. खेळातील गुण बाजूला ठेवून किती फोनवर यादी पूर्ण उतरली, एवढेच वहीत नोंदवा. खेळाचे गुण वाढले आणि वही तशीच राहिली, तर शिकलेले दुकानापर्यंत पोहोचलेले नाही असे समजावे.

आजीचा_नातू
माझ्या आजीलाही विसरण्याचा त्रास आहे, तीही तूरडाळ सांगितली की मूगडाळ आणते. तिला हे चालेल का?

मीनल_ओटी
आजींचे कारण वेगळे असू शकते. आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. ताई, आणखी एक विचारायचे राहिले. हातांचा थरथराट कमी व्हावा म्हणून भावाला ट्रायहेक्सिफेनिडिल दिले आहे का? त्या गोळीने काहींची स्मरणशक्ती मंदावते. तसे असेल तर ती अजून आवश्यक आहे का, हे त्याच्या मनोविकारतज्ज्ञांना विचारा. स्वतःहून मात्र बंद करू नका.

पंचवटीकर_ताई
होय, ती गोळी सुरुवातीपासून चालू आहे. पुढच्या भेटीत विचारते. आपण सांगितल्याप्रमाणे वाक्ये त्याच्याकडूनच लिहून घेऊन फोनशेजारी चिकटवली. दुपारी बऱ्यापैकी जमते. बाबांना मात्र वाटते की चिठ्ठी काढली नाही, तर तो कायम तिच्यावरच अवलंबून राहील.

द्राक्षबाग
माझेही मत बाबांसारखेच आहे. चिठ्ठी म्हणजे कुबडी.

मीनल_ओटी
मला ते पटत नाही. यादी पूर्ण उतरत असेल तर चिठ्ठी राहू द्यावी; काही जणांची नजर हळूहळू तिच्याकडे जाईनाशी होते, काहींना ती कायम लागते. तुमचा भाऊ यांपैकी कोणत्या गटात मोडेल, हे मी आज सांगू शकत नाही. संध्याकाळच्या गर्दीत प्रयोग कराल तेव्हा पहिले काही दिवस बाबांनी गल्ल्यावर बसावे आणि भावाकडे फक्त फोन द्यावा.