नकाराचं पत्र इंग्रजीत उद्धट का वाटलं?

प्रेषक: अनघा

नमस्कार मंडळी,

ज्या गटांचे कार्यक्रम यंदा घेता आले नाहीत, त्यांना समितीने दोन्ही भाषांत पत्र पाठवलं. मराठीत लिहिलं होतं, ‘आपला कार्यक्रम यंदा घेणं आम्हाला जमणार नाही. कृपया समजून घ्यावे.’ शेजारी त्याचंच शब्दशः इंग्रजी: ‘वी विल नॉट टेक युवर प्रोग्रॅम धिस इयर. प्लीज अंडरस्टँड.’ एका गटातल्या तरुण मुलांनी फक्त इंग्रजी वाचलं आणि ती फार दुखावली. त्यांच्या पालकांना मराठी पत्रात काहीच खटकलं नाही. नवं पत्र पाठवायचं आहे. नेमकं बिघडलं कुठे?

प्रेषक: शिरीष

अनघाताई, यात कोडं काही नाही. इंग्रजी माणूस तोंडावर ‘नो’ म्हणतो, आपण आडून बोलतो. पुढे ‘सॉरी’ लावा, झालं.

प्रेषक: मृणाल

शिरीषदादा, आपण आडून बोलतो हे बरोबर आहे, पण नकार देताना इंग्रजी माणूसही आडूनच बोलतो. फक्त त्याची आडवाट वेगळी. आणि ‘सॉरी, वी विल नॉट टेक युवर प्रोग्रॅम’ एवढ्याने काम होणार नाही, कारण बोचतंय ते ‘विल नॉट’.

‘जमणार नाही’ म्हणताना आपण ‘आम्ही’ नाही, ‘आम्हाला’ म्हणतो. जमत नाही ते परिस्थितीमुळे, आमची इच्छा त्यात येतच नाही. ‘मी येणार नाही’ आणि ‘मला यायला जमणार नाही’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात निर्धार ऐकू येतो, दुसऱ्यात अडचण. भाषांतरात ‘आम्हाला’चं ‘वी’ झालं, ‘विल नॉट’ आलं, आणि अडचणीचा निर्धार झाला. इंग्रजीत ही अडचण ‘वोन्ट बी एबल टू’ने दाखवतात.

‘कृपया समजून घ्यावे’ ही आपल्याकडे आर्जवाची ओळ आहे. पण नकाराला लागून आलेलं ‘प्लीज अंडरस्टँड’ बऱ्याचदा ताकीद दिल्यासारखं लागतं. ती ओळ काढा आणि आधी त्यांचे आभार माना: ‘थँक यू फॉर ऑफरिंग टू परफॉर्म. अनफॉर्च्युनेटली, वी वोन्ट बी एबल टू इन्क्लूड युवर प्रोग्रॅम धिस इयर.’

उलट दिशेनेही हेच होतं. ‘आय वुड लव्ह टू कम, बट’चं ‘मला यायला आवडेल, पण’ केलं, तर ऐकणाऱ्याला वाटतं, अजून थोडा आग्रह केला तर येतील. मराठीत इथे ‘यायला आवडलं असतं’ हवं. ‘असतं’ आलं की येणं होणार नाही हे पुढचं वाक्य ऐकण्याआधीच कळतं.

प्रेषक: सुहास

विषय नकाराचा आहे म्हणून विचारतो. बाबा इथे आले होते तेव्हा शेजाऱ्यांनी गावाला जाताना त्यांना ‘आमच्या झाडांना पाणी घालाल का’ असं विचारलं. बाबांच्या मनात नव्हतं. ते म्हणाले, ‘आय विल सी, आय विल ट्राय.’ शेजारी किल्ली देऊन गेले! बाबांचं इंग्रजी तर चुकलं नव्हतं ना?

प्रेषक: मृणाल

व्याकरण बरोबर होतं, सुहास. पण ‘बघतो, प्रयत्न करतो’ हे जरा ओढून म्हटलं की मराठी माणूस पुन्हा विचारत नाही. ‘आय विल ट्राय’मध्ये समोरच्याने होकार ऐकला.

अर्थात प्रत्येक ‘बघतो’ नकार नसतो. ‘बघतो, उद्या संध्याकाळी कळवतो’ असं वेळेसकट म्हटलं, तर माणूस खरंच बघणार असतो. नुसतं ‘बघू’ म्हणून विषय बदलला, तर बहुतेक वेळा नाहीच समजायचं.

प्रेषक: शिरीष

‘विल नॉट’चं पटलं. पण ही ‘बघू’ची सवय मला मराठीतही नको वाटते. स्वयंसेवकांची यादी करताना निम्मी उत्तरं ‘बघतो’ असतात, आणि शेवटपर्यंत माणसं किती ते कळत नाही. स्पष्ट ‘जमणार नाही’ म्हणण्यात कसला उद्धटपणा?

प्रेषक: मृणाल

काहीच नाही, उलट तेच बरं. पण मोठ्या माणसाला पहिल्याच फटक्यात ‘जमणार नाही’ म्हणायला अनेकांची जीभ रेटत नाही, आणि ते मला समजतं.

प्रेषक: अनघा

मृणालचा मजकूर घेतला. दोन गोष्टी अजून अडल्या आहेत. मराठीत शेवटी ‘पुढच्या वर्षी नक्की’ लिहिलं होतं. त्याचं ‘डेफिनेटली नेक्स्ट इयर’ केलं तर मुलं ते वचन धरतील, म्हणून इंग्रजीत ‘वी होप यू विल अप्लाय अगेन’ एवढंच ठेवते. मराठीत ‘नक्की’ राहू द्यावं का? पालकही ते वचन धरतील असं शिरीषदादा म्हणतात, मला तसं वाटत नाही.

दुसरं, कारण. मराठीत कारण न देता नकार दिला तर तुटक वाटतो, म्हणून वेळेच्या अडचणीवर चार ओळी आहेत. त्या सगळ्या इंग्रजीत नेल्या तर सबबी सांगितल्यासारख्या वाटतात, असं माझी मुलगी म्हणते. मी तिथे एकच ओळ ठेवली आहे. शुक्रवारी पत्र जाईल, त्याआधी मतं कळवा.