‘पात्र साकारले’ कोणी? मोशन कॅप्चरसाठी शब्द हवा आहे

शब्दवेडी, नौपाडा
दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे आणि दोन ठिकाणी अडले आहे. एक, मोशन कॅप्चरला मी ‘हालचाल टिपणे’ म्हटलंय, ते चालेल का? ‘गतिग्रहण’ वाचलं की मला सूर्यग्रहणच आठवतं. दुसरी अडचण मोठी आहे. पडद्यावरचा राक्षस ‘अमुक नटाने साकारला’ असं लिहू का? साकारणे म्हणजे आकार देणे, आणि आकार तर त्याचा नाही.

विनय, घोडबंदर रोड
‘हालचाल टिपणे’ उत्तम. आमच्या सोसायटीच्या कॅमेऱ्यातही मोशनची सोय आहे. रात्री मांजर गेलं तरी वॉचमनच्या फोनवर घंटी वाजते.

शब्दवेडी
विनयदादा, ते मोशन डिटेक्शन. तिथे कोणीतरी हललं एवढंच कळतं. इथे गुडघा कुठल्या क्षणी किती वाकला, तेही हवं असतं.

कळवेकर
सोपं आहे. नट अंगाला घट्ट बसणारा सूट घालतो, कॅमेरे त्याचं शूटिंग करतात आणि संगणक त्याच्यावर राक्षसाचं कातडं चढवतो. बोहाड्यात मुखवटा चढवतात तसंच. आत नाचतो तो माणूस खरा. म्हणून श्रेय नटाचं, आणि ‘साकारला’च लिहा.

ऐरोली सेक्टर ८
अकरा वर्षं हेच काम करतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. सूटवर चमकत्या गोळ्या लावायची जी पद्धत आहे, तिच्यात कॅमेऱ्याला नट दिसतच नाही. भिंगाभोवतीचे दिवे अवरक्त प्रकाश टाकतात, गोळ्या तो परत फेकतात आणि चित्रात काळ्यावर पांढरे ठिपके उरतात. एकच ठिपका निदान दोन कॅमेऱ्यांना वेगवेगळ्या जागांवरून दिसला, तरच त्याची जागा ठरते. नटाने हाताची घडी घातली की काही गोळ्या झाकल्या जातात. कुठला ठिपका कुठल्या गोळीचा, ते नाव लावून ठरवावं लागतं. मनगटाच्या दोन गोळ्यांची नावं आपसात बदलली, की पडद्यावर हात एका क्षणात उलटा पिळवटतो. ते माणूस बसून निस्तरतो.

कळवेकर, मुखवट्याची उपमा मला पटत नाही. मुखवटा नटाच्याच अंगावर बसतो. इथे अंगच बदलतं. समजा नटाचा पाय ९० सेंटिमीटर आणि राक्षसाचा १३५, म्हणजे दीडपट. नट एका पावलात ६० सेंटिमीटर पुढे जातो. सांध्यांचे कोन तेच ठेवले तर राक्षसाचं पाऊल पडतं ९० सेंटिमीटरचं, पण कंबर ६०च पुढे सरकते. मग टेकलेला पाय ३० सेंटिमीटर मागे घसरतो, तेल सांडलेल्या फरशीवर चालल्यासारखा. कंबरही दीडपट सरकवली की घसरणं थांबतं, पण राक्षस लहान मुलासारखा हलका वाटायला लागतो. लांब लोलक सावकाश झुलतो, तसा लांब पायही. अर्ध्या सेकंदाचं पाऊल साधारण ०.६ सेकंदाचं व्हायला हवं. सगळंच सरसकट मंद केलं, तर नटाने मान झटकन वळवलेली असते तीही मऊ पडते. पाय कुठे जड करायचा आणि मान कुठे जशीच्या तशी राखायची, हे ॲनिमेटर ठरवतो.

म्हणून ‘टिपण’ हा शब्द मला आवडला. टिपण म्हणजे नोंद. नोंदीवरून पुढे लिहावं लागतं.

कळवेकर
पायाचं मान्य. पण डोळ्यांतलं दुःख पाय मोजून येत नाही. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटांतला गॉलम बघा, तो नट अँडी सर्किसच आहे.

ऐरोली सेक्टर ८
सर्किस नसता तर तो गॉलम झालाच नसता, यात वाद नाही. आवाज त्याचा, इतर नटांसमोर उभा राहून केलेला अभिनय त्याचा. पण २००२च्या ‘द टू टॉवर्स’मध्ये गॉलमचा चेहरा मुख्यतः ॲनिमेटरांनी सर्किसचं चित्रीकरण समोर ठेवून हाताने घडवला होता. डोक्याला बांधलेल्या छोट्या कॅमेऱ्याने चेहरा टिपणं पुढे ‘अवतार’च्या वेळी, २००९मध्ये, गाजलं.

मंगलताई, वाशी
मला तांत्रिक कळत नाही. माझी मुलगी एका स्टुडिओत आठ महिने अशाच गोळ्यांची नावं लावत होती. रात्री अकराला घरी यायची. चित्रपट लागला तेव्हा आम्ही सगळे शेवटपर्यंत थांबलो. थिएटरातले दिवे लागले, झाडूवाल्या मावशी आत आल्या, तरी नावं सरकतच होती. तिचं नव्हतं. तुम्ही ‘साकारला’ लिहा नाहीतर ‘घडवला’, तिच्यासाठी शब्द कोणता?

शब्दवेडी
मंगलताई, तुमचं वाचून मघापासून तशीच बसले आहे. निदान माझ्या लेखात तरी ‘नोंदी साफ करणारे’ म्हणून एक ओळ नक्की जाईल.

आता वाक्य असं केलंय: ‘भूमिका नटाने वठवली, पात्र ॲनिमेटरांनी साकारले.’ भूमिका आणि पात्र आपण सहज एकमेकांच्या जागी वापरतो, इथे ती वेगळी ठेवली.

कळवेकर
वाक्य चांगलं आहे, पण मला पटत नाही. भूमिका वठली ती पात्रातच ना? दोन कशी करणार?

ऐरोली सेक्टर ८
शरीराच्या हालचालीपुरतं मला हे वाक्य चालेल. चेहऱ्याच्या बाबतीत कळवेकरांची शंका रास्त आहे. आता ओठांचा कोपराही कॅमेरा टिपतो, आणि तिथे नट कुठे संपतो ते कधी कधी फाइल उघडून बसलेल्या मलाही सांगता येत नाही.