मदत हवी आहे: भाड्याच्या रिक्षाचं दिवसाचं निव्वळ उत्पन्न कसं काढायचं? (सोलापूर)

वहीवाली

नमस्कार. माझा धाकटा भाऊ भाड्याची रिक्षा चालवतो. सीएनजी गाडी आहे. स्टेशन ते एसटी स्टँड, सात रस्ता, आसरा आणि जुळे सोलापूर अशा पट्ट्यात तो फिरतो. सकाळी निघतो, रात्री घरी येतो. मध्ये दुपारी स्टँडवर बसून असतो, ते धरून बारा तास होतात.

त्याचं म्हणणं, "अक्का, साडेअकराशेचा धंदा होतोय, अडीचशेचा गॅस, तीनशे मालकाचे. सहाशे सुटतात की!" मग महिन्याला साडेपंधरा हजार हातात दिसायला हवेत, पण तेवढे कधीच दिसत नाहीत. तो उधळ्या नाही. म्हणून गॅसच्या पावत्या मी डब्यात टाकायला लावल्या आणि गाडीचे किलोमीटर वहीत मांडले. त्यावरून आलेले सरासरी आकडे असे:

धंदा दिवसाला ११५०. गाडी महिन्याला २६ दिवस चालते. किलोमीटर दिवसाला ९५ च्या आसपास. महिन्याच्या पावत्यांवर ७७ किलो गॅस, दर ९२ रुपये. भाडं ३००, गाडी उभी असली तरी द्यायचं, म्हणजे महिन्याचे ९०००. बारीक दुरुस्ती आमच्याकडे (ऑईल, ब्रेक लायनर, केबल, पंक्चर, क्लचचं काम). ती कधी दोनशे, कधी एकदम तीन हजार, पण सरासरी महिन्याला १८०० पडते. इंजिन, टायर, विमा, पासिंग मालकाकडे.

आता मालक म्हणतोय, पुढच्या महिन्यापासून ३५० द्या, पण सुट्टीच्या दिवशी भाडं नको. हो म्हणावं का? आणि रिकामे तास या हिशोबात कुठे धरायचे?

बाळेकर

ताई, मीटरचा दर सरकारी ठरलेला असतो. मीटरप्रमाणे घेतलं तर एवढा हिशोब कशाला लागतोय? भावाला मीटर टाकायला सांगा.

अशोकचौक

बाळेकर मामा, तुम्ही शेवटचं रिक्षात कधी बसला होता? सोलापुरात शीट भरून गाडी जाते. मीटर टाकला तर पॅसेंजर मीटरकडं बघत नाही, आपल्याकडं बघतंय. आणि ताई दर विचारत नाहीत, सुटतात किती ते विचारतायत.

हिशोबी

सोपं आहे. भाऊ दुरुस्ती धरत नाही, तिथेच पैसे गळतात. १८०० ला २६ ने भागा, ६९ रुपये रोजचे. तेवढे रोज वेगळ्या डब्यात टाका. क्लच गेला की उसने मागावे लागणार नाहीत.

रिकाम्या तासांचं असं. तासाला साधारण शंभर रुपये धंदा होतो. पाच तास रिकामे असतील तर पाचशे रुपये नुकसान. तेही वजा करा, चहा-नाश्त्याचे साठही वजा करा. मग खरी कमाई दिसेल. माझ्या मते काहीच उरत नाही या धंद्यात.

तीनचाकी

हिशोबींचं दुरुस्तीचं बरोबर आहे. रिकाम्या तासांचं चुकतंय, आणि ते फार जण तसंच करतात. मी स्वतः पंधरा-सोळा वर्षं चालवली, आता दोन गाड्या भाड्याने देतो. म्हणजे मालकाच्या बाजूचा माणूस आहे हे आधीच सांगतो.

रिकाम्या वेळाचं नुकसान ११५० मध्ये आधीच बसलेलं आहे. दुपारी पॅसेंजर मिळाले असते तर धंदा पंधराशे झाला असता. ते मिळाले नाहीत म्हणून साडेअकराशे झाला. त्यातून पुन्हा पाचशे काढले तर एकच खड्डा दोनदा मोजला. रिकामे तास रुपयांतून वजा करायचे नाहीत, भागाकारात घ्यायचे. म्हणजे पॅसेंजर गाडीत असलेल्या तासांनी न भागता घर सोडल्यापासून घरी येईपर्यंतच्या सगळ्या तासांनी भागायचं.

तुमच्या भावाचा दिवस असा. ७७ किलोमध्ये साधारण २४७० किलोमीटर, म्हणजे किलोला ३२ चं ॲव्हरेज. गाडी ठीक आहे. ९५ किलोमीटरला रोजचा गॅस २७३ रुपये. अडीचशे हा पंपावर एका वेळी दिलेला आकडा असणार, संध्याकाळी वरून टाकलेला गॅस तो विसरतो. भाडं ३०० नाही. ९००० भागिले २६, म्हणजे ३४६. दुरुस्ती ६९. साडेअकराशेतून हे तिन्ही काढले की ४६२ राहतात. बारा तासांनी भागा, तासाला साडेअडतीस रुपये. महिन्याला बारा हजार. तुमच्या घरात हातात दिसतात ते एवढेच असावेत, बघा.

चहा-नाश्ता वेगळ्या रकान्यात लिहा. माणूस घरी असता तरी खाल्लंच असतं. स्टँडवरचा जास्तीचा चहा घरखर्चात जातो, गाडीवर लावू नका.

वहीवाली

काका, अगदी बाराच्या आसपास येतात! आता भांडण तरी मिटेल. दोन गोष्टी विचारते. पहिली, गॅसचं ॲव्हरेज रोज वेगळं निघतं, कधी २७ तर कधी ३८. गाडीत काही बिघाड आहे का? दुसरी, दुपारी बारा ते चार त्याने घरी यावं का? उन्हाळ्यात स्टँडवर पॅसेंजरच नसतो. घर स्टँडपासून चार किलोमीटर आहे.

अशोकचौक

मे महिन्यात दुपारी सोलापुरात बाहेर कोण येतंय? कुत्रं पण सावलीत. मी तर सरळ घरी जाऊन झोपतो.

तीनचाकी

ॲव्हरेजचं आधी. पेट्रोलची टाकी काठोकाठ भरता येते, सीएनजीचं तसं नाही. पंपावर प्रेशर कमी असलं किंवा सिलिंडर तापलेला असला की टाकी भरली असं दिसतं, पण आत गॅस कमी बसलेला असतो. पुढच्या वेळी चांगलं प्रेशर मिळालं की जास्त बसतो आणि त्या दिवसाचं ॲव्हरेज पडल्यासारखं दिसतं. म्हणून एका भरणीवरून काही ठरवू नका. पंधरा दिवसांच्या पावत्यांचे किलो एकत्र करा आणि पंधरा दिवसांच्या किलोमीटरला त्याने भागा. तो आकडा सलग दोन-तीन वेळा खाली गेला तर एअर फिल्टर, प्लग आणि ब्रेक दाबून चाललेत का ते बघा. ब्रेक चिकटत असेल तर हाताला कळतं. गाडी थांबवल्यावर एका चाकाचा ड्रम बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला असतो. जरा जपून, चटका बसेल.

आता दुपार. इथे भाडं हिशोबात आणायचंच नाही, ते सकाळीच लागलेलं आहे. बसला तरी जाणार, झोपला तरी जाणार. बघायचं फक्त हे, की त्या चार तासांत वरचे किती येतात आणि गाडी फिरली म्हणून वरचे किती जातात. किलोमीटरला गॅस २ रुपये ९० पैसे, दुरुस्ती ७३ पैसे. समजा दुपारी १३० चा धंदा झाला आणि गाडी बारा किलोमीटर फिरली. गॅस ३५, दुरुस्ती ९, सुटले ८६. घरी जाऊन परत आला तर आठ किलोमीटर रिकामी गाडी, म्हणजे खिशातून २९ गेले. दोन्हींत ११५ चा फरक. चार तासांचे ११५, तासाला एकोणतीस.

तेवढ्यासाठी उन्हात बसायचं का, हे वही सांगणार नाही. संध्याकाळी पाच ते नऊ ही खरी कमाईची वेळ आहे. दुपारी भाजून निघालेला माणूस आठलाच गाडी लावत असेल तर ते ११५ रुपये संध्याकाळी परत जातात. भावाला धंदा दिवसातून तीनदा लिहायला सांगा. दुपारी बाराला, चारला आणि रात्री. मग कळेल.

पूर्वभाग

माझी स्वतःची गाडी आहे, हप्त्यावर. ताई, भाड्याच्या गाडीत पैसे घालवू नका. मी रोज भाड्याएवढेच भरतो, पण गाडी माझी होते. शाळेची पोरं धरलीत, त्यामुळे महिन्याला बांधीव पैसे येतात.

तीनचाकी

पूर्वभाग, तुमचं खरं आहे, पण हप्त्याबरोबर विमा, पासिंग, टायर, दर तीन वर्षांनी सिलिंडरची टेस्ट हेही तुमच्याच अंगावर येतं. आणि शाळेचे पैसे मेमध्ये बंद. तुमचा जानेवारीचा हिशोब आणि मेचा हिशोब एकदा शेजारी ठेवा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेमुळे सगळ्यांचाच धंदा चांगला असतो.

वहीवाली

आम्हाला सध्या डाऊन पेमेंट जमणार नाही. मालकाच्या ३५० बद्दल कुणीतरी सांगा ना.

हिशोबी

३५० गुणिले २६, ९१००. आता ९००० देता. शंभर रुपये जास्त. नाही म्हणा.

तीनचाकी

२६ दिवसांना तसंच आहे. पण ९००० ला ३५० ने भागा, पंचवीस दिवस आणि वर थोडं येतं. म्हणजे गाडी महिन्याला पंचवीस किंवा कमी दिवस चालली तर नवीन बोली फायद्याची. ताप आला, गावाला लग्न निघालं आणि २२ दिवसच चालली तर ७७०० द्याल, आताच्या बोलीत ९०००. वर्षातले असे महिने वहीत किती आहेत ते बघा आणि मग ठरवा.

पण हो म्हणण्याआधी दोन गोष्टी तोंडी नको, मालकाच्या वहीत लिहून घ्या. एक, इंजिनच्या कामाला गाडी गॅरेजला दोन दिवस उभी राहिली तर ती सुट्टी धरायची की नाही. काम मालकाचं असेल तर भाडं माफ, हे माझ्या गाड्यांना मी करतो, सगळे करत नाहीत. दुसरी, सुट्टीच्या दिवशी गाडी कुठे राहणार. भाडं घेणार नाही म्हणतो तेव्हा बऱ्याचदा मालक त्या दिवशी दुसऱ्याच्या हातात गाडी देतो. मग क्लच कुणी जाळला आणि लायनर कुणी खाल्ले हे कळत नाही, दुरुस्ती मात्र तुमच्या १८०० मधूनच जाते.

अशोकचौक

हे बाकी खरं. माझ्या गाडीचं असंच झालंय. सोमवारी सकाळी घेतली तर गॅसचा काटा खाली आणि आरसा फुटलेला.

वहीवाली

हे सुचलंच नव्हतं. गेल्या वर्षीच्या वहीत पंचवीसपेक्षा कमी दिवसांचे बरेच महिने दिसतायत, दिवाळीनंतरचा आणि आईच्या आजारपणाचा काळ धरून. म्हणजे हो म्हणावंसं वाटतंय. पण भाऊ म्हणतो, सुट्टीलाही गाडी आपल्याच दारात राहिली पाहिजे, आणि मालक त्याला तयार होईल असं दिसत नाही. काका, गाडी दारात ठेवायची म्हणून सुट्टीचे शंभर रुपये देऊ केले तर तुमच्यासारखा मालक ऐकेल का?

तीनचाकी

मी ऐकेन. चार सुट्ट्यांचे चारशे झाले, म्हणजे तुमचे २६ दिवसांचे ९५०० होतात, हे धरून बोला. मग चोवीस दिवसांना बरोबरी होते, त्याहून कमी दिवस चालली तरच फायदा, तोही थोडा. तुमचा मालक किती घासाघीस करतो त्यावर आहे सगळं.