मदत हवी आहे: 20 टक्के वाढ म्हणजे 48 की 60? उद्या सकाळी द्यायचंय

उपकेंद्रवाली
बारा आठवड्यांच्या आतली नोंदणी यंदा 20 टक्क्यांनी वाढवायची असं पत्र आलंय. मागच्या वर्षी 40 होती. मी 48 धरलं, सोबतची सिस्टर म्हणते 60. कोण बरोबर? लवकर सांगा.

मोरपंखी
40 काय? बायका की टक्के?

उपकेंद्रवाली
टक्के. गरोदर मातांची नोंदणी हो, अजून कशाची असणार!

एक्सेलप्रेमी
सोपं आहे. मागचा आकडा B2 मध्ये असेल तर `=B2*1.2` लिहून खाली ओढा, सगळी गावं एका फटक्यात होतील.

मोरपंखी
अहो, गुणाकार त्यांना येतोय. तो करायचा की नाही हा प्रश्न आहे.

निवृत्त_लिपिक
60 धरा. सरकारी भाषेत नेहमी बेरीजच असते. जुलै 2024 पासून केंद्राचा महागाई भत्ता 50 चा 53 झाला, त्याला सगळे 3 टक्के वाढच म्हणाले. 50 चे 3 टक्के काढले असते तर 51.5 झाला असता.

आकडेमोड
काका, भत्त्याचं खरं आहे, पण 'नेहमी' नका म्हणू. ताई, मागच्या वर्षी एकूण माता किती होत्या आणि यंदा किती धरल्यात?

उपकेंद्रवाली
250 पैकी 100. यंदा वस्ती वाढलीय, 300 धरल्यात.

आकडेमोड
मग तिसरा अर्थही निघतो. 100 च्या 20 टक्के जास्त, म्हणजे 120 माता. पण 300 पैकी 120 म्हणजे परत 40 टक्केच! तुमच्या 48 टक्क्यांना 144 माता लागतील, सिस्टरच्या 60 ला 180. तेच पत्र इतर उपकेंद्रांनाही आहे का? एखादं 82 टक्क्यांवर असेल तर बेरीज 102 होते, तिथे तो अर्थ शक्यच नाही. गुणाकाराने 98.4 येतं, म्हणजे कठीण पण शक्य.

निवृत्त_लिपिक
पत्र लिहिणाऱ्याने एवढा विचार केला असेल असं वाटत नाही. मी 60 वरच ठाम आहे.

गृहकर्जदार
माझंही असंच झालं. बँकेने अर्धा टक्का व्याज वाढलं म्हणून कळवलं, मला वाटलं हप्त्यात अर्धा टक्का. साडेआठचे नऊ झाले! मुदत वाढवून घ्यावी का?

मोरपंखी
त्यासाठी वेगळा धागा काढा.

आकडेमोड
ताई, साहेबांना "टक्के की टक्के बिंदू" असं विचारू नका, ते "हो, टक्के" म्हणून मोकळे होतील. आकडे घालून विचारा: "300 पैकी 120, 144 की 180 माता?"

उपकेंद्रवाली
तसाच मेसेज केला. एक उपकेंद्र 85 वर आहे, तिथे तर दोन्ही हिशेबांनी शंभरच्या वर जातं. साहेब म्हणाले, "180 नक्की नाही. 120 की 144 ते तालुक्याला विचारून सांगतो." तक्त्यात ती ओळ कोरी ठेवलीय.